पासबुकातील २९३ रुपये ८२ पैसे

डिसेंबर २०२३ मधील गोष्ट आहे. हिंगोलीत आमच्या गल्लीत एका जुन्या व्यापारी घराण्यातील वहिनी राहतात. वय सत्तरीच्या पुढे. यजमान हयात असताना भुसार मालाची आडत होती. आता ती मुलगा पाहतो. दुकानाच्या व्यवहारात वहिनी कधी पडल्या नाहीत, पण घराण्याची एक सवय त्यांनी उचलली. स्वतःच्या बचत खात्याचा हिशेब त्या एका लहानशा वहीत लिहितात आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून आणून दोन्हींचा मेळ घालतात. त्या दिवशी संध्याकाळी पासबुक आणि वही घेऊन त्या आमच्या ओसरीवर आल्या.

"भाऊजी, आयुष्य बँकेत घालवलंत. एवढं मला सांगा, हे पैसे कुठे गेले?"

पासबुकात ५ डिसेंबरच्या तारखेला २९३ रुपये ८२ पैसे नावे पडले होते. तपशिलाच्या रकान्यात केवळ CHGS एवढीच अक्षरे होती. वहिनींनी काउंटरवर विचारले तेव्हा "सिस्टीमने कापले आहेत" असे उत्तर मिळाले होते. मुलगा म्हणाला होता, "आई, तीनशे रुपयांसाठी बँकेत खेटे कशाला?" त्यावर वहिनींचे म्हणणे एवढेच होते की, दुकानात रोजमेळात तीन रुपयांचा फरक आला तर रात्री दहापर्यंत मुनीमजींना बसवून ठेवणारे हेच घर आहे.

सदतीस वर्षे बँकेत नोकरी केल्यामुळे एक गोष्ट मी मोकळेपणाने कबूल करतो. अशा शुल्काबाबत ग्राहकांची पत्रे शाखेत नेहमी येतात आणि त्यातील बहुतेक पत्रे फाइलला लागून राहतात. याचे कारण व्यवस्थापकाचा वाईट हेतू हे क्वचितच असते. "आमचे पैसे विनाकारण कापले, त्वरित परत करावेत" असे लिहिलेल्या पत्राला "बँकेच्या नियमानुसार आकारणी झाली आहे" हे एका ओळीचे उत्तर पुरते आणि तेथे पत्रव्यवहार संपतो. अशी उत्तरे मी स्वतः सही करून पाठविलेली आहेत. म्हणून वहिनींचे पत्र लिहायला बसताना मी ठरविले की, एका ओळीत उत्तर देताच येणार नाही असे पत्र लिहावयाचे.

त्यासाठी पत्राआधी त्या रकमेकडे नीट पाहणे आवश्यक होते.

रक्कम काय सांगते

बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. पासबुकात पुष्कळदा शुल्क आणि कर एकत्रच वजा होतात. म्हणून अनोळखी रक्कम दिसली की, प्रथम तिला १.१८ ने भागावे. भागाकार सरळ रुपयांत आला, तर ते बहुधा शुल्कच असते. १७ रुपये ७० पैसे म्हणजे १५ रुपये आणि त्यावरील कर. २३६ रुपये म्हणजे २०० रुपये आणि त्यावरील कर. याउलट मे अखेरीस किंवा जूनच्या आरंभी वजा होणारे २० किंवा ४३६ रुपये हे शुल्क नसून अनुक्रमे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आणि जीवनज्योती विमा योजना यांचे वार्षिक हप्ते असतात. त्यांच्यासाठी सेवाशुल्काची तक्रार करणे व्यर्थ होय. ती योजना नको असेल, तर ती बंद करण्याचा अर्ज द्यावा लागतो.

वहिनींच्या २९३ रुपये ८२ पैशांना १.१८ ने भागले असता बरोबर २४९ रुपये आले. म्हणजे शुल्क २४९ रुपये आणि कर ४४ रुपये ८२ पैसे. मात्र कोणतीही बँक २४९ रुपये असे ठोक शुल्क सहसा ठेवीत नाही. ही रक्कम कशाची तरी टक्केवारी असावी, असा मला संशय आला. बँकेच्या दरपत्रकात किमान सरासरी शिलकीच्या तुटीवर ६ टक्के आकार दाखविला होता. २४९ रुपये हे ६ टक्के धरले, तर तूट ४,१५० रुपयांची होते.

आता नोव्हेंबर महिन्याची सरासरी शिल्लक काढणे आले. बँक दररोजची दिवसअखेरची शिल्लक घेते, तिची बेरीज करते आणि महिन्याच्या दिवसांनी भागते. वहिनींच्या खात्यात ऑक्टोबरअखेरपर्यंत आठ-नऊ हजार रुपये असत. दिवाळीच्या खरेदीसाठी त्यांनी ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी पैसे काढले. त्यानंतर १ ते १० नोव्हेंबर हे दहा दिवस शिल्लक ३,२०० रुपये होती. दहा दिवसांचे ३२,००० रुपये झाले. ११ तारखेला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, त्यांनी आणखी २,४०० रुपये काढले. तेव्हापासून २५ तारखेपर्यंत पंधरा दिवस ८०० रुपये शिल्लक राहिली. त्याचे १२,००० रुपये. २६ तारखेला १,५०० रुपये जमा झाले आणि उरलेले पाच दिवस २,३०० रुपये होते. त्याचे ११,५०० रुपये. एकूण बेरीज ५५,५०० रुपये. तीसने भागल्यावर सरासरी १,८५० रुपये.

४,१५० रुपये तूट आणि १,८५० रुपये सरासरी यांची बेरीज ६,००० होते. म्हणजे संगणकाने वहिनींच्या खात्याला किमान सरासरी शिलकीची मर्यादा ६,००० रुपये धरली होती. पण खाते उघडतानाची जी कागदपत्रे वहिनींनी पेटीतून काढून आणली, त्यांत ही मर्यादा २,००० रुपये होती. दरपत्रकातही निमशहरी शाखेतील साध्या बचत खात्यासाठी २,००० हाच आकडा होता. (दहा हजार ते एक लाखाच्या आत लोकसंख्या असलेले गाव रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत निमशहरी ठरते आणि २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली शहर त्यातच मोडते.) २,००० च्या हिशेबाने वहिनींची तूट अवघी १५० रुपये होती. तिचे ६ टक्के म्हणजे ९ रुपये, करासह १० रुपये ६२ पैसे. जेथे फार तर १० रुपये ६२ पैसे लागले असते, तेथे २९३ रुपये ८२ पैसे गेले होते.

वहिनींना हे समजावून सांगितले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं खातं त्यांच्या लेखी माझं खातंच नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी खात्याचा हिशेब माझ्यावर लावला." याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

नियम काय म्हणतो

किमान शिल्लक न राखल्याच्या दंडाबाबत रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी परिपत्रक काढले आणि ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. ग्राहकाच्या अडचणीचा किंवा अनवधानाचा बँकांनी गैरफायदा घेऊ नये, हा त्यामागील विचार होता. त्यातील चार गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट सूचनेची. शिल्लक मर्यादेखाली गेली की, बँकेने ग्राहकाला एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने कळवावयाचे आणि शिल्लक पूर्ववत करण्यास त्या सूचनेपासून किमान एक महिना द्यावयाचा. त्या मुदतीत शिल्लक भरली नाही, तरच दंड घेता येतो आणि तोही ग्राहकाला कळवून. दुसरी गोष्ट प्रमाणाची. दंड तुटीच्या प्रमाणात, म्हणजे मान्य केलेली किमान शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक यांतील फरकाच्या ठरावीक टक्क्यांनी असावा. बँक त्यासाठी टप्पे ठरवू शकते. तिसरी, दंड वाजवी असावा आणि ती सेवा देण्याच्या सरासरी खर्चाशी विसंगत नसावा. चौथी, केवळ अशा दंडामुळे बचत खात्याची शिल्लक शून्याखाली जाता कामा नये.

दुसऱ्या गोष्टीतील "मान्य केलेली" हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. किमान शिल्लक ही बँक आणि ग्राहक यांच्यातील कराराची बाब आहे. बँक ती बदलू शकते, परंतु पूर्वसूचना देऊन. मागच्या दाराने नव्हे.

येथे व्यापारी कुटुंबांनी एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. हे परिपत्रक बचत खात्यांसाठी आहे. पेढीच्या चालू खात्याला ते लागू नाही; तेथील शुल्क दरपत्रकाने आणि कराराने ठरते. जनधन किंवा मूलभूत बचत खात्याला तर किमान शिलकीची अटच नसते, त्यामुळे तेथे असा दंड मुळातच बसत नाही. शिवाय काही बँकांनी ही अट स्वतःहून काढून टाकली आहे. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये सर्व बचत खात्यांसाठी तसे जाहीर केले होते. म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी आपले खाते कोणत्या प्रकारचे आहे, हे पासबुकाच्या पहिल्या पानावरून आणि बँकेच्या दरपत्रकावरून पाहून घ्यावे.

पत्र

वहिनींच्या सहीने ८ डिसेंबर रोजी दिलेले पत्र असे होते. खाते क्रमांक आणि बँकेचे नाव तेवढे येथे वगळले आहे.

मा. शाखा व्यवस्थापक यांस,

विषय : बचत खात्यातून ५ डिसेंबर २०२३ रोजी वजा झालेल्या २९३ रुपये ८२ पैशांबाबत स्पष्टीकरण व परतावा.

महोदय,

माझ्या वरील बचत खात्यातून ५ डिसेंबर २०२३ रोजी २९३ रुपये ८२ पैसे वजा झाले आहेत. पासबुकात CHGS याखेरीज तपशील नाही. पासबुकाच्या त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

ही आकारणी नोव्हेंबर २०२३ च्या किमान सरासरी शिलकीच्या तुटीबद्दल असावी, असे हिशेबावरून दिसते. माझ्या नोंदीप्रमाणे त्या महिन्याची सरासरी शिल्लक १,८५० रुपये आहे. खाते उघडताना मान्य केलेली किमान शिल्लक २,००० रुपये आहे. वजा झालेली रक्कम मात्र ६,००० रुपयांची मर्यादा धरून काढल्यासारखी दिसते. असा बदल मी मागितलेला नाही व त्याबाबत मला सूचना मिळालेली नाही.

म्हणून कृपया पुढील माहिती लेखी द्यावी.

१. हे शुल्क कोणत्या सेवेचे किंवा कोणत्या त्रुटीचे आहे. मूळ शुल्क किती आणि कर किती?

२. माझ्या खात्याला किमान सरासरी शिल्लक किती धरली आहे. ती २,००० रुपयांहून अधिक असल्यास कोणत्या तारखेपासून व माझ्या कोणत्या अर्जावरून?

३. रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार शिल्लक पूर्ववत करण्याची सूचना मला कोणत्या तारखेस, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या क्रमांकावर किंवा पत्त्यावर पाठविली?

सूचनेपासून एक महिना पूर्ण होण्यापूर्वी ही आकारणी झाली असल्यास संपूर्ण २९३ रुपये ८२ पैसे, करासह, माझ्या खात्यात परत जमा करावेत. तसेच खात्याचा प्रकार मूळच्या साध्या बचत खात्याचा करून तसे मला कळवावे, जेणेकरून पुढील महिन्यात हीच आकारणी पुन्हा होणार नाही.

या पत्राची पोहोच द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(खातेदाराची सही)

या पत्रात रागाचा एक शब्दही नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. "नियमानुसार आकारणी झाली आहे" हे उत्तर त्याला पुरत नाही, कारण तीनही प्रश्नांची उत्तरे एखादी रक्कम, एखादी तारीख किंवा एखादा कागद हीच असू शकतात. त्यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत बळकट आहे. पहिल्या दोन प्रश्नांवर मतभेद होऊ शकतो. सूचनेची तारीख मात्र बँकेच्या संगणकात नोंदलेली असते आणि ती पाहिली की, महिना झाला की नाही हे बोटांवर मोजता येते.

पत्र मराठीतच दिले. महाराष्ट्रातील शाखेने मराठी पत्र स्वीकारावयाचे असते. इंग्रजी जमत नाही म्हणून कोणी थांबण्याचे कारण नाही. दोन प्रती नेल्या, एक शाखेत दिली आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख व सही घेतली. काउंटरवरील मुलाने आधी "राहू द्या, साहेबांना सांगतो" असे म्हटले, तेव्हा वहिनींनी शांतपणे सांगितले, "सांगा ना बाळा, पण शिक्का मारून सांग." शाखेने पोहोच दिलीच नाही, तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. तोंडी तक्रारीला तारीख नसते आणि पुढची सारी मुदत त्या तारखेवरून मोजली जाते.

शाखेत काय निघाले

१९ डिसेंबरला व्यवस्थापकांचा दूरध्वनी आला. वहिनींच्या आग्रहामुळे मीही बरोबर गेलो. व्यवस्थापक तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी खाते पडद्यावर उघडून दाखविले आणि सर्व प्रकार स्पष्ट झाला.

ऑगस्टमध्ये वहिनींनी जुने एटीएम कार्ड बदलून मागितले होते. त्या वेळी काउंटरवर नवे कार्ड देताना खात्याचा प्रकारही बदलला गेला होता. संगणकात प्रत्येक खात्याला एक स्कीम कोड असतो; त्या कोडला किमान शिल्लक, कार्डाचे शुल्क, व्यवहारांची संख्या हे सारे बांधलेले असते. साध्या बचत खात्याऐवजी वरच्या श्रेणीच्या खात्याचा कोड पडला आणि २,००० चे ६,००० झाले. ऑक्टोबरपर्यंत शिल्लक त्याहून जास्त असल्यामुळे तीन महिने काहीच दिसले नाही. खाते-बदलाचा सही केलेला अर्ज फोल्डरमध्ये शोधला. तो मिळाला नाही.

सूचनेचा प्रश्न निघाला तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "सूचना गेलेली आहे, काकू. दोन डिसेंबरला एसएमएस गेला आहे." तो ज्या क्रमांकावर गेला होता, तो वहिनींच्या दिवंगत यजमानांचा होता. तो क्रमांक चार वर्षांपूर्वीच बंद झाला होता. वहिनींनी पडद्यावरील तो आकडा वाचला आणि त्या काही वेळ बोलल्या नाहीत.

येथे प्रामाणिकपणे सांगावयास हवे की, या बाबतीत बँकेची बाजू अगदीच लंगडी नव्हती. मोबाइल क्रमांक बदलला, तर तो बँकेला कळविणे हे खातेदाराचे काम आहे. जुन्या क्रमांकावर गेलेली सूचना मिळालीच नाही, असे म्हणून पुष्कळदा वाद जिंकता येत नाही. आपल्या घरांतील किती ज्येष्ठ स्त्रियांच्या खात्यांना आजही पतीचा, मुलाचा किंवा दुकानाच्या मुनीमजींचा क्रमांक जोडलेला आहे, हे प्रत्येकाने आज संध्याकाळी पाहावे.

परंतु क्रमांक कोणाचाही असो, सूचना २ डिसेंबरची होती आणि आकारणी ५ डिसेंबरची. मध्ये तीन दिवस होते. नियमाने महिना हवा. व्यवस्थापकांनी दोन्ही तारखा पाहिल्या आणि वाद न घालता म्हणाले, "हे परत करावे लागेल."

परताव्यातील उणीव

२० डिसेंबरला खात्यात २४९ रुपये जमा झाले. वहिनी समाधानाने पासबुक घेऊन आल्या, पण वहीशी मेळ घालताना त्यांनीच फरक पकडला. ४४ रुपये ८२ पैसे कमी होते. शुल्क परत झाले होते, कर परत झाला नव्हता. शुल्क उलटविण्याची नोंद आणि कर उलटविण्याची नोंद वेगळ्या असल्या की, दुसरी राहून जाण्याचा संभव असतो. ज्या सेवेचे शुल्कच परत केले, तिच्यावरील कर ग्राहकाकडे ठेवण्यास आधार नाही. म्हणून पत्रात "करासह" हा शब्द आणि पूर्ण रक्कम पैशांपर्यंत लिहिणे महत्त्वाचे असते.

त्याहून मोठी गोष्ट राहिली होती. स्कीम कोड अजून तोच होता. डिसेंबरमध्ये वहिनींची शिल्लक २,००० च्या वर होती, त्यामुळे त्यांच्या खऱ्या मर्यादेने काहीच दंड लागणार नव्हता. परंतु ६,००० च्या हिशेबाने पुन्हा सुमारे चार हजारांची तूट दिसली असती आणि जानेवारीत जवळजवळ तेवढीच रक्कम पुन्हा कापली गेली असती. आणि या वेळी बँकेजवळ २ डिसेंबरची सूचना होती. जानेवारीच्या ५ तारखेपर्यंत तिला महिना पूर्ण झाला असता. म्हणजे ज्या मुद्द्यावर पहिली रक्कम परत मिळाली, तो मुद्दा दुसऱ्या वेळी उपयोगी पडला नसता. परतावा मिळाला म्हणून तेथेच थांबणारे ग्राहक नेमके येथे फसतात. पैसे परत मिळाले तरी मूळ चूक जागेवरच राहते.

२२ डिसेंबरला चार ओळींचे स्मरणपत्र दिले. त्यात पहिल्या पत्राची तारीख, मिळालेले २४९ रुपये, राहिलेले ४४ रुपये ८२ पैसे आणि खात्याचा प्रकार बदलून दिल्याचे लेखी कळविण्याची विनंती एवढेच होते. सोबत वहिनींच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकाची नोंद करण्याचा अर्ज जोडला. २७ डिसेंबरला उरलेली रक्कम जमा झाली, खाते पूर्ववत साध्या प्रकारात आले आणि तसा एसएमएस प्रथमच वहिनींच्या स्वतःच्या मोबाइलवर वाजला. जानेवारीत काहीही कापले गेले नाही.

शाखेने ऐकले नसते तर

प्रत्येक शाखेत असा समजूतदार व्यवस्थापक भेटेलच, असे नाही. तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर आले नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तर असमाधानकारक वाटले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून ही व्यवस्था एकात्मिक लोकपाल योजनेखाली आली. तक्रार cms.rbi.org.in या संकेतस्थळावर करता येते, तसेच चंदीगड येथील केंद्राकडे टपालानेही पाठविता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक माहितीसाठी आहे.

पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणे ही त्याची पूर्वअट आहे. थेट लोकपालाकडे गेलेली तक्रार परत येते. वहिनींच्या प्रतीवरील शिक्क्याची तारीख ८ डिसेंबर होती, म्हणून ७ जानेवारीला तीस दिवस भरले असते आणि त्यानंतर तोच कागद लोकपालाकडील तक्रारीचा मुख्य पुरावा ठरला असता. ही मुदत संपल्यावर फार काळ दवडू नये, कारण लोकपालाकडे जाण्यालाही कालमर्यादा आहे.

आपल्या जिल्ह्यात पुष्कळ कुटुंबांची बचत पतसंस्थांतही असते. पतसंस्था या लोकपाल योजनेत येत नाहीत. तेथील तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे न्यावी लागते आणि तेथे वरील परिपत्रकाचा आधार चालत नाही. संस्थेचे पोटनियम आणि ठेवीच्या अटी पाहाव्या लागतात. पत्राची पद्धत मात्र तीच राहते. कोणती रक्कम, कोणत्या तारखेस, कोणत्या आधाराने आणि मला केव्हा कळविले, हेच तेथेही विचारावयाचे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वहिनी पुन्हा पासबुक भरून घेऊन आल्या. वहीत ५ डिसेंबरच्या नोंदीपुढे त्यांनी तेव्हा पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते. ते खोडून त्यांनी शाईने २४९ आणि ४४.८२ असे दोन आकडे जमेच्या बाजूला लिहिले, खाली रेघ मारली आणि वही मिटली. मुलगा दुकानातून आला तेव्हा त्यांनी त्याला काही सांगितले नाही. पण दुसऱ्या दिवशी तो स्वतःच माझ्याकडे आला आणि दुकानाच्या चालू खात्याचा तीन महिन्यांचा उतारा पुढे ठेवून म्हणाला, "काका, हेही एकदा बघू या."